धुळीच्या मोसमात चेहरा जड, डोकं दुखतंय? नाकावरचे उपचार कोणत्या क्रमाने करावेत

दसऱ्याची साफसफाई सुरू झाली की आमच्या मेडिकलच्या काउंटरवर एकच तक्रार रोज ऐकू येते. "सायनस झालंय, डोकं दुखतंय, काहीतरी स्ट्राँग द्या." मग डोकेदुखीची गोळी, सर्दीची गोळी आणि नाकात टाकायचे थेंब असं सगळं एकदम घेतलं जातं. चार दिवस बरं वाटतं आणि पुन्हा तेच सुरू होतं. डॉक्टरांनी नाकाचा स्प्रे लिहून दिलेला असला तरी तो दोन दिवस मारून "याने काही होत नाही" म्हणून कपाटात जातो.

खरं तर औषधं बहुतेक वेळा बरोबर लिहिलेली असतात. चुकतो तो क्रम, चुकते ती पद्धत, आणि धीर लवकर सुटतो. नाकातली अ‍ॅलर्जीची सूज उतरली की चेहऱ्यावरचा दाब आणि त्यामुळे होणारी डोकेदुखी आपोआप कमी होते. हा लेख ज्यांना डॉक्टरांनी अ‍ॅलर्जीची सर्दी सांगितली आहे किंवा तशी शंका आहे अशा मोठ्या माणसांसाठी आहे. लहान मुलं, गरोदर बाया आणि अंगावर पाजणाऱ्या आया यांनी यातलं कुठलंही औषध स्वतःच्या मनाने सुरू करू नये. त्यांचे डोस आणि औषधांची निवड वेगळी असते.

## १. आधी खात्री करा: दुखणं नाकामुळेच आहे का?

नाकाच्या आत दोन्ही बाजूंच्या भिंतींना मांसल घड्या असतात. डॉक्टर त्यांना टर्बिनेट म्हणतात. धूळ किंवा परागकण लागले की या घड्या सुजतात. गालांच्या हाडांत, भुवयांच्या वर आणि डोळ्यांच्या मध्ये ज्या पोकळ्या असतात, त्यांचा स्राव जेमतेम काही मिलिमीटरच्या छिद्रांतून नाकात उतरतो. सूज आली की ही वाट अरुंद होते, हवा खेळत नाही आणि चेहरा भरल्यासारखा, दाबल्यासारखा वाटतो. नाक, गाल, कपाळ आणि वरचे दात यांच्या संवेदना एकाच मोठ्या नसेच्या शाखा वाहून नेतात, त्यामुळे सूज नाकात असली तरी दुखणं कपाळात किंवा दाढेत जाणवू शकतं. आडवं पडलं की नाकातल्या रक्तवाहिन्या आणखी फुगतात, म्हणून सकाळी उठताना त्रास सर्वांत जास्त असतो.

अ‍ॅलर्जीची खूण सोपी आहे. लागोपाठ शिंका, पाण्यासारखं वाहणारं नाक, नाकात, टाळ्यात किंवा डोळ्यांत खाज, आणि दोन्ही बाजूंनी आलटून पालटून चोंदणारं नाक. ताप नसतो. ठरावीक दिवसांत किंवा ठरावीक कामानंतर त्रास वाढतो. यातलं बरंचसं जुळत असेल आणि त्यासोबत दोन्ही गाल, नाकाचं मूळ किंवा कपाळ जड होत असेल, तर पुढच्या पायऱ्या तुमच्या उपयोगाच्या आहेत.

खाज नाही, शिंका नाहीत, पण अर्धं डोकं ठणकतं, उजेड आणि आवाज सहन होत नाही, मळमळतं, असं असेल तर ती बहुधा अर्धशिशी आहे, मायग्रेन. मायग्रेनमध्येही नाकातून पाणी येऊ शकतं आणि डोळ्याखाली दाब वाटू शकतो, म्हणून लोक त्याला वर्षानुवर्षं सायनस समजतात. स्वतःच स्वतःला 'सायनसची डोकेदुखी' ठरवून घेतलेल्यांपैकी बऱ्याच जणांना प्रत्यक्षात मायग्रेन असतो. नाकाच्या स्प्रेने तो जाणार नाही.

थांबा आणि डॉक्टरकडे जा: ताप आणि एकाच बाजूला तीव्र दुखणं, घट्ट पिवळा-हिरवा, वास येणारा स्राव, दहा दिवस होऊनही न हटलेली सर्दी, किंवा थोडं बरं वाटून पुन्हा जोरात उलटलेली सर्दी, एकच नाकपुडी कायम बंद किंवा तिच्यातून वारंवार रक्त.

त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा: डोळ्याभोवती सूज, दुहेरी दिसणं, मान ताठणं, अचानक उठलेली भयंकर डोकेदुखी. मधुमेह असेल, किमोथेरपी चालू असेल किंवा प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं चालू असतील आणि नाकातून काळसर स्राव येत असेल किंवा गाल बधिर झाला असेल, तर एक तासही वाट पाहू नका. २०२१ मध्ये काळ्या बुरशीने काय केलं ते आपण सर्वांनी पाहिलं आहे.

## २. तुमचा मोसम ओळखा आणि सुरुवातीची तारीख ठरवा

त्रास सुरू झाल्यावर धावपळ करण्यापेक्षा मोसमाच्या एक ते दोन आठवडे आधी स्प्रे सुरू केलेला जास्त चांगला. सूज एकदा पूर्ण चढली की तिला उतरवायला वेळ लागतो. त्यासाठी आपला मोसम कोणता हे आधी ठरवावं लागतं.

नाशिकमध्ये साधारण असं दिसतं. पाऊस ओसरताना, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये गवतं आणि रिकाम्या प्लॉटवरचं गाजरगवत फुलोऱ्यात असतं. त्याच सुमारास घरोघरी माळे उतरवले जातात, जुन्या गाद्या-गोधड्या बाहेर निघतात, आणि पावसाळ्याच्या दमटपणात वाढलेल्या धुळीतल्या सूक्ष्म किड्यांचा सगळा कचरा हवेत उडतो. पाठोपाठ फटाक्यांचा धूर येतो. निफाड, येवला, सिन्नर पट्ट्यात सोयाबीन आणि मक्याची मळणी याच दिवसांत चालते. डिसेंबर-जानेवारीत थंडी आणि कोरडी हवा. खणलेल्या रस्त्यांची धूळ सकाळच्या थंड हवेत खालीच रेंगाळते, आणि सध्या सिंहस्थाच्या कामांमुळे असे रस्ते कमी नाहीत. मार्च-एप्रिलमध्ये गव्हाची मळणी आणि उन्हाळ कांदा चाळीत भरण्याची कामं. कांद्याची पात आणि कोरडी सालं हाताळणाऱ्यांना त्या दिवसांत नाक चोंदण्याचा त्रास विशेष होतो.

तुमचा त्रास यातल्या कुठल्या काळात बसतो ते गेल्या वर्षीच्या औषधांच्या बिलांवरून किंवा मोबाइलमधल्या फोटोंच्या तारखांवरून सहज कळतं. ऑक्टोबरमध्ये सुरू होत असेल तर सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात डॉक्टरांना भेटा. स्टेरॉइडचे नाकाचे स्प्रे चिठ्ठीवरच मिळतात, त्यामुळे ही भेट टाळता येत नाही.

## ३. जुनी औषधं बाजूला काढा

नवीन काही सुरू करण्याआधी घरातला औषधांचा डबा उघडा. तीन गोष्टी नीट पाहायच्या आहेत.

पहिली, नाक मोकळं करणारे थेंब. बाटलीवर झायलोमेटाझोलीन किंवा ऑक्सिमेटाझोलीन असं लिहिलेलं असतं. हे रक्तवाहिन्या आवळतात, म्हणून पाच-दहा मिनिटांत नाक उघडतं. सगळा घोटाळा इथेच होतो. तीन ते पाच दिवसांपेक्षा जास्त वापरले तर औषधाचा असर उतरताच नाक आधीपेक्षा जास्त चोंदतं आणि मग थेंबांशिवाय झोप लागत नाही. "यांचं नाक थेंबांशिवाय उघडतच नाही" असं जिथे ऐकू येतं, तिथे बहुतेक वेळा थेंबांनीच ते बंद केलेलं असतं.

थेंब महिनोन्‌महिने चालू असतील तर एकदम सगळं बंद करायला बरेच जण घाबरतात. अशा वेळी डॉक्टर बहुधा आधी स्टेरॉइड स्प्रे सुरू करायला लावतात आणि मग एका नाकपुडीतले थेंब बंद करून दुसरीत काही दिवस चालू ठेवायला सांगतात. पहिली नाकपुडी स्वतःहून उघडायला लागली की दुसरीतलेही थांबवायचे. सुरुवातीच्या काही रात्री वाईट जातात. उशी थोडी उंच ठेवा आणि त्या रात्री निभावून न्या.

दुसरी, सर्दीच्या मिश्र गोळ्या. यात पॅरासिटामॉल, झोप आणणारं क्लोरफेनिरामिन आणि फिनाइलएफ्रिन असं एकत्र असतं. फिनाइलएफ्रिनसारख्या औषधाने रक्तदाब वाढू शकतो. शिवाय डोकेदुखीची वेगळी गोळी घेताना आपण पॅरासिटामॉल दोनदा घेतोय हे लक्षात येत नाही. पाकिटामागचे घटक वाचा.

तिसरी, वेदनाशामक गोळ्या. साधी गोळी महिन्यात पंधरा किंवा जास्त दिवस, आणि दोन-तीन औषधांचं मिश्रण असलेली गोळी दहा किंवा जास्त दिवस, असं महिनोन्‌महिने चालू असेल तर गोळ्यांमुळेच डोकेदुखी सुरू राहू शकते. तुमचा आकडा त्याच्या जवळ असेल तर तो डॉक्टरांना स्पष्ट सांगा.

सावधान: "सर्दीचं एकच इंजेक्शन द्या, वर्षभर त्रास नको" अशी मागणी करू नका. ते बहुधा दीर्घकाळ टिकणारं स्टेरॉइड असतं. ते सगळ्या शरीरात जातं, साखर आणि रक्तदाब वाढवू शकतं, आणि एकदा दिल्यावर परत काढता येत नाही.

## ४. नाक धुणं

स्प्रेच्या आधी नाक धुतलं तर दोन फायदे होतात. चिकटलेली धूळ आणि परागकण निघून जातात, आणि स्प्रेचं औषध शेंबडावर न बसता थेट आतल्या त्वचेवर बसतं. जलनेतीचं भांडं किंवा दाबायची प्लास्टिकची बाटली, दोन्ही चालतं.

पाणी आधी. नळाचं, बोअरचं, फिल्टरचं किंवा आरओचं पाणी सरळ नाकात घालायचं नाही. असं पाणी प्यायला ठीक असतं, कारण पोटातलं आम्ल बरंच काही मारून टाकतं. नाकात ते संरक्षण नसतं. अशा पाण्यातला एक अमीबा नाकावाटे मेंदूपर्यंत पोहोचू शकतो. हे फार क्वचित घडतं, पण घडलं तर माणूस वाचणं अवघड असतं. पाणी खळखळून उकळल्यावर किमान एक मिनिट तसंच उकळू द्या, तीन-चार मिनिटं ठेवलं तरी बिघडत नाही. झाकून कोमट होऊ द्या आणि त्याच दिवशी वापरा.

मीठ नंतर. मेडिकलमध्ये मिळणारी पुडी वापरत असाल तर तिच्यावर लिहिलेलंच प्रमाण पाळा. घरी करायचं असेल तर अर्धा लिटर पाण्याला चहाचा पाऊण चमचा, सपाट भरलेला, आयोडीन नसलेलं मीठ आणि चिमूटभर खायचा सोडा. जिभेला ते डोळ्यातल्या पाण्याइतकं खारट लागलं पाहिजे. नाकात चरचरलं तर मीठ जास्त झालंय किंवा फारच कमी पडलंय. साधं बिनमिठाचं पाणीही चांगलंच झोंबतं.

बेसिनवर पुढे वाका, डोकं थोडं एका बाजूला कलवा, तोंड उघडं ठेवून तोंडाने श्वास घ्या. वरच्या नाकपुडीत हलकेच पाणी सोडा, ते खालच्या नाकपुडीतून बाहेर पडेल. बाटली असेल तर जोर लावू नका. मग दुसरी बाजू. झालं की पुढे वाकूनच एकेक नाकपुडी उघडी ठेवून हळू शिंकरा. दोन्ही दाबून जोरात शिंकरलं की पाणी कानाकडे जातं आणि कान दडे बसल्यासारखे होतात.

नाक दोन्हीकडून पूर्ण बंद असेल तर त्या दिवशी पाणी ढकलायचा हट्ट करू नका. कान दुखत असेल, अलीकडे नाकाचं ऑपरेशन झालं असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय धुऊ नका. झोपायच्या अगदी आधी धुतलं तर आत राहिलेलं पाणी रात्री घशात उतरतं, म्हणून तासभर आधी उरका.

तपासा: धुतल्यानंतर दहा-पंधरा मिनिटं थांबलात का? लगेच स्प्रे मारला तर तो उरलेल्या पाण्याबरोबर वाहून जातो.

## ५. स्प्रे मारण्याची पद्धत

सगळ्यात जास्त चुका इथे होतात आणि डोकेदुखी उतरते तीही प्रामुख्याने याच पायरीमुळे, म्हणून इथे जरा थांबूनच सांगतो.

फ्लुटिकासोन, मोमेटासोन, बुडेसोनाइड ही स्टेरॉइड स्प्रेची नेहमीची नावं. "स्टेरॉइड" म्हटलं की लोक बाटली परत करतात. पण या स्प्रेतलं औषध मायक्रोग्रॅममध्ये असतं. फ्लुटिकासोन आणि मोमेटासोन तर रक्तात अगदी नगण्य प्रमाणात पोहोचतात. त्याची सवय लागत नाही. सवय लागते ती वर सांगितलेल्या थेंबांची, आणि त्यांना मात्र कोणी घाबरत नाही. काचबिंदू किंवा मोतीबिंदू असेल तर डॉक्टरांना आधी सांगा आणि डोळ्यांची तपासणी चालू ठेवा.

मोठ्या माणसांत सुरुवातीचा नेहमीचा डोस दिवसातून एकदा, प्रत्येक नाकपुडीत दोन फवारे असा असतो. तुमच्या चिठ्ठीवर वेगळं असेल तर चिठ्ठीच पाळा.

क. बाटली नीट हलवा. औषध तळाशी बसतं. नवीन बाटली असेल तर हवेत पाच-सहा वेळा, बारीक एकसारखं धुकं येईपर्यंत दाबा. काही कंपन्या दहा वेळा सांगतात, पत्रकात पाहा. आठवडाभर वापरली नसेल तर पुन्हा एक-दोनदा हवेत दाबून घ्या.

ख. नाक हळू शिंकरून घ्या.

ग. मान किंचित खाली झुकवा, आपल्या पायांच्या बोटांकडे पाहताना झुकते तितकी. मान मागे टाकायची नाही. मागे टाकली की औषध नाकात न थांबता थेट घशात जातं.

घ. उजव्या नाकपुडीत डाव्या हाताने आणि डाव्या नाकपुडीत उजव्या हाताने स्प्रे मारा. हात असा उलटा घेतला की नळीचं तोंड आपोआप बाहेरच्या बाजूला, त्याच बाजूच्या कानाच्या दिशेने वळतं. सुजलेल्या घड्या तिकडेच आहेत. सरळ वर किंवा मधल्या पडद्याकडे रोखलं तर तो पडदा कोरडा पडतो, खपली धरते आणि रक्त येतं. "स्प्रेने नाकातून रक्त आलं" म्हणून येणाऱ्यांत बहुतेकांची नळी मध्याकडे असते.

ङ. दाबताना नाकाने अगदी हलका श्वास आत घ्या, फुलाचा वास घेतो तितकाच. जोरात ओढू नका.

च. दुसरा फवारा मारताना नळीचा कोन थोडा बदला. मग दुसरी बाजू.

छ. पंधरा मिनिटं शिंकरू नका. नळीचं टोक कोरड्या कागदाने पुसून टोपण लावा. आठवड्यातून एकदा टोक काढून कोमट पाण्याने धुवा. भोक बुजलं तर टाचणी घालू नका, भोक मोठं होतं आणि डोस बिघडतो.

तपासा: औषधाची चव घशात आली, तर मान मागे होती किंवा श्वास जोरात ओढला. नाकातून लगेच बाहेर ओघळलं, तर नळी फारच उथळ होती किंवा नाक आधी साफ नव्हतं.

बाटलीचा हिशेबही करून पाहा. दोन्हीकडे दोन-दोन म्हणजे दिवसाला चार फवारे. १२० फवाऱ्यांची बाटली महिन्यात संपली पाहिजे. ती तिसऱ्या महिन्यातही चालू असेल तर औषध निरुपयोगी आहे असं म्हणू नका, ते पुरतं घेतलंच गेलेलं नाही.

आणि वेळ. पहिल्या दिवसांत थोडा फरक जाणवू शकतो, पण सूज नीट उतरायला एक ते दोन आठवडे रोज मारावा लागतो. डोकं दुखलं त्याच दिवशी मारायचं हे औषध नाही. ज्या दिवशी बरं वाटतंय त्या दिवशीही मारायचं.

## ६. गोळीची जागा

सेटिरिझिन, लिव्होसेटिरिझिन, फेक्सोफेनाडीन, बिलास्टिन या अ‍ॅलर्जीच्या गोळ्या शिंका, खाज आणि पाणी यांवर चांगल्या चालतात. चोंदणं आणि चेहऱ्याचा दाब यांवर त्यांचा असर कमी. म्हणून फक्त गोळी घेणाऱ्याच्या शिंका थांबतात, पण कपाळ जडच राहतं. स्प्रे चालू असताना शिंका आणि खाज उरली तर डॉक्टर गोळी जोडतात, किंवा अ‍ॅझेलास्टिन मिसळलेला स्प्रे देतात. तो लवकर काम करतो, पण घशात कडू लागतो आणि काहींना झोप येते. लिव्होसेटिरिझिननेही काहींना गुंगी येते, त्यामुळे गाडी चालवणाऱ्यांनी ती रात्री घ्यावी.

एक गोष्ट मला आग्रहाने सांगायची आहे. लिव्होसेटिरिझिन आणि मॉन्टेलुकास्ट एकत्र असलेली गोळी लोक नावाने मागतात आणि महिनोन्‌महिने घेत राहतात. मॉन्टेलुकास्टमुळे काहींना झोपेत वाईट स्वप्नं, चिडचिड, उदासी, क्वचित आत्महत्येचे विचार येऊ शकतात. २०२० मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने त्यावर सर्वांत कडक इशारा छापायला लावला आणि नुसत्या अ‍ॅलर्जीच्या सर्दीसाठी इतर औषधांनी भागत असेल तर ते वापरू नये असं सांगितलं. घरात कोणी ही गोळी घेत असेल आणि स्वभाव बदललेला वाटत असेल तर डॉक्टरांना लगेच कळवा. दमा असेल तर स्वतःहून बंद करू नका, विचारून करा.

वाफ घेतल्याने थोडा वेळ बरं वाटतं, हरकत नाही. मात्र सूज वाफेने उतरत नाही, आणि उकळत्या पातेल्यावर वाकून भाजल्याच्या घटना घरोघरी होतात. पातेलं टेबलावर स्थिर ठेवा, मांडीवर घेऊ नका.

## ७. एक प्रत्यक्ष उदाहरण

पाथर्डी फाट्याकडे राहणाऱ्या एक शिक्षिका. शाळेत स्कूटीने जातात. साफसफाईपासून रोज सकाळी दोन्ही गाल आणि नाकाचं मूळ जड, वरच्या दाढा दुखल्यासारख्या, वह्या तपासायला वाकलं की कपाळ भरून यायचं. शिंका लागोपाठ, टाळ्याला खाज, ताप नाही. रात्री थेंब, दुपारी सर्दीची मिश्र गोळी, आठवड्यातून तीन-चारदा डोकेदुखीची गोळी. दाताच्या डॉक्टरांनी दाढा ठीक असल्याचं सांगितलं. नाक-कान-घशाच्या डॉक्टरांनी आत पाहिलं, तर घड्या सुजलेल्या आणि फिकट, पू कुठेच नाही. मोमेटासोनचा स्प्रे आणि मिठाच्या पाण्याने धुणं लिहून दिलं, अँटिबायोटिक दिलं नाही.

चौथ्या दिवशी त्या काउंटरवर आल्या. "दादा, काही उपयोग नाही याचा. गोळीच द्या."

"मॅडम, मारता कसा ते एकदा दाखवा."

टोपण न काढता त्यांनी दाखवलं. मान पूर्ण मागे, दोन्ही नाकपुड्यांना उजवाच हात, आणि जोरदार श्वास. "घशात कडवट लागतं का?" विचारल्यावर म्हणाल्या, "हो, रोजच." म्हणजे औषध नाकात थांबतच नव्हतं. शिवाय रात्रीचे थेंब चालूच होते, त्यामुळे पहाटे नाक पुन्हा बंद व्हायचं.

थेंबांबद्दल त्यांनी डॉक्टरांना फोन केला आणि एकेका नाकपुडीतले बंद करत गेल्या. स्प्रेची वेळ संध्याकाळी, शाळेतून आल्यावर नाक धुऊन पंधरा मिनिटांनी, अशी ठरली. पहिले दोन-तीन दिवस रात्री त्रास झाला. दहाव्या दिवसाच्या आसपास सकाळचा जडपणा गेला, दाढाही दुखायच्या थांबल्या. तिसऱ्या आठवड्यात डोकेदुखीची गोळी आठवड्यातून एखादीच लागत होती.

पण सगळं गेलं नाही. महिन्यातून दोनदा, पाळीच्या सुमारास, डाव्या कानशिलात ठणका, मळमळ, उजेड नकोसा वाटणं. नाक मोकळं असतानाही हे होत होतं. डॉक्टरांनी तो मायग्रेन असल्याचं सांगून वेगळं औषध दिलं. दोन आजार एकमेकांत मिसळलेले होते. नाकाची सूज गेल्यावर दुसरा स्पष्ट दिसला.

## ८. दोन ते चार आठवड्यांनी काय पाहायचं

सुरुवातीपासून रोज रात्री चार गोष्टी लिहून ठेवा: नाक किती चोंदलं, चेहऱ्यावर दाब किती, शिंका किती, या तिन्हींना शून्य ते दहा, आणि गोळी घेतली असल्यास कोणती. कॅलेंडरच्या चौकटीत बसतं एवढंच. डॉक्टरांना "थोडं बरं आहे" सांगण्यापेक्षा हे पान दाखवा.

नाकाचा आकडा आणि दाबाचा आकडा एकत्र खाली आले, तर दुखणं नाकाचंच होतं. नाक मोकळं झालं पण डोकं तसंच, तर डोकेदुखीचं कारण दुसरं आहे, स्प्रेचा डोस वाढवून काही होणार नाही. पद्धत बरोबर असून चार आठवड्यांत नाकही मोकळं झालं नाही, तर नाकाचा मधला पडदा वाकडा आहे का, पॉलिप म्हणजे नाकातली मऊ वाढ आहे का हे दुर्बिणीने पाहावं लागेल. "नाकात मांस वाढलंय" असं ऐकून ऑपरेशनला घाबरू किंवा धावू नका. सुजलेल्या टर्बिनेटलाही लोक मांसच म्हणतात आणि ती सूज औषधाने उतरते. नेमकं काय वाढलंय ते डॉक्टरांना विचारा.

## ९. धूळ कमी करणं

औषध चालू असताना कोरडा झाडू मारत राहिलात तर नाकावर रोज नवा मारा होतो. फरशी ओल्या फडक्याने पुसा. माळा उतरवायचं काम ज्याला त्रास नाही त्याने करावं, नाहीतर नाकावर घट्ट बसणारा एन-९५ मास्क लावा. रुमाल बांधून बारीक धूळ अडत नाही. उशांचे अभ्रे आणि चादरी आठवड्याला गरम पाण्यात धुवा. स्कूटीवर हेल्मेटची काच खाली ठेवा. मळणीवर किंवा कांद्याच्या चाळीत काम करून आलात तर जेवायला बसण्याआधी नाक धुवा, कपडे बदला, केस धुवा, कारण केसांतली धूळ उशीवर उतरते आणि रात्रभर नाकाजवळ राहते.

## १०. स्प्रे कधी थांबवायचा

दोन-तीन आठवडे आकडे खाली स्थिर राहिले की डॉक्टर बहुधा प्रत्येक नाकपुडीत एकच फवारा करायला सांगतात. मोसम संपेपर्यंत तो चालू ठेवायचा आणि मग बंद करायचा. हळूहळू सोडायची सक्ती नाही, नाक उलटत नाही. बंद केल्यावर आठवड्या-दोन आठवड्यांत दाब परत आला तर तुमचा मोसम अजून चालू आहे किंवा त्रास बारमाही आहे. तसं असेल तर अ‍ॅलर्जीची चाचणी आणि पुढच्या उपचारांबद्दल बोलण्याची ती वेळ. उरलेली बाटली पुढच्या वर्षासाठी ठेवण्याआधी तिच्यावर छापलेली, उघडल्यानंतर वापरायची मुदत पाहा. ती बहुतेकांची काही आठवड्यांचीच असते.